सेकंड शिफ्टला महिला मिळत नाहीत? आधी गाडीचा नकाशा काढा

तळोजा एमआयडीसी, रसायनी-पाताळगंगा आणि जेएनपीटीकडच्या गोदामांतले बरेच उद्योजक आपला चॅनल बघतात. त्यांचा एक प्रश्न सतत येतो. "पॅकिंगला लेडीज स्टाफ पाहिजे. जाहिरात टाकली की फोन येतात. पण शिफ्ट 3 ते 11 आहे म्हटलं की समोरून 'घरी विचारून सांगते' असं उत्तर येतं आणि परत फोन काही येत नाही. काय करायचं?"

व्हिडिओत मी या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर दिलं होतं. इथे तेच आकडेमोडीसकट, सावकाश बघू.

आधी हे समजून घ्या की "घरी विचारून सांगते" हा नकार नाही. तिच्या घरी एकच प्रश्न विचारला जातो: "रात्री 11 ला सुटल्यावर येणार कशी?" त्याचं नेमकं उत्तर तिच्याकडे नसतं, कारण ते तुम्ही तिला दिलेलंच नसतं. "गाडीची सोय आहे" हे उत्तर होत नाही. कुठली गाडी, कोण चालवणार, मी कितवी उतरणार, शेवटी मी एकटी उरणार का, हे सांगितलं तर ते उत्तर. पगार 1,000 रुपयांनी वाढवला तरी हा प्रश्न तिथेच राहतो. म्हणून आजचा धडा पगाराचा नाही, कारखान्याच्या गेटपासून तिच्या घराच्या दारापर्यंतच्या रस्त्याचा आहे.

रात्र 11 ला नाही, 7 ला सुरू होते

बरेच मालक म्हणतात, "आमच्याकडे नाइट शिफ्ट नाहीच, फक्त सेकंड शिफ्ट आहे." कायदा तसं बघत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात महिलांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत कारखान्यात काम देण्यावर बंदी होती. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2000 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत महिलांना सगळ्या प्रकारच्या कामाची मुभा आहे. मात्र सकाळी 6 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 च्या नंतर काम द्यायचं असेल तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात.

म्हणजे तुमची 3 ते 11 ची शिफ्ट 7 वाजल्यापासून रात्रीच्या नियमात येते. 2 ते 10 ची सुद्धा येते.

दुकान, शोरूम किंवा ऑफिस असेल तर वेगळा कायदा बघायचा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 हा आता 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. त्यात महिलांसाठी रात्रीची मर्यादा साडेनऊची आहे. त्यापुढे काम द्यायचं तर तिची संमती, सुरक्षिततेची व्यवस्था आणि कामाच्या ठिकाणापासून घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. शब्द नीट बघा, घराच्या दारापर्यंत. नाक्यापर्यंत किंवा स्टेशनपर्यंत नाही.

कारखान्याच्या बाबतीत सध्या नेमक्या कोणत्या अटी आहेत हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, म्हणजे 'डिश'च्या कार्यालयातून किंवा तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून लेखी घ्या. मात्र कारखान्यासाठीही दारापर्यंतचाच नियम धरून चाला. आपल्या भागात मेट्रो पेंधरपर्यंत आली, नावडे रोड आणि तळोजा पाचनंदला रेल्वे आहे, हे खरं. पण स्टेशन ते गेट हा एमआयडीसीतला रस्ता रात्री ट्रेलर आणि टँकरच्या मधून चालायचा असतो. घरचे त्याच तुकड्यामुळे नाही म्हणतात.

भरतीचा नकाशा आणि गाडीचा नकाशा एकच

आता एक उदाहरण घेऊ. कारखाना काल्पनिक आहे, पण जागा आपल्याच आहेत. तळोजा एमआयडीसीत 24 माणसांचं पॅकिंग युनिट आहे. 3 ते 11 च्या शिफ्टला 8 महिला हव्यात. मालकाने नेहमीसारखी भरती केली: आधी जो फोन येईल तो घ्यायचा. आठ जणी मिळाल्या. नावडे 1, रोडपाली 2, कामोठे 2, नवीन पनवेल 2, करंजाडे 1.

गाडी 11 वाजून 10 मिनिटांनी निघाली असं धरा. पहिलं नावडे, मग कळंबोलीतलं रोडपाली, मग कामोठे, मग नवीन पनवेल आणि शेवटी करंजाडे. रस्ता सरळ आहे, डिझेल कमी लागतं. कागदावर झकास. पण नवीन पनवेलच्या दोघी उतरल्या की करंजाड्याची ताई गाडीत एकटी उरते. रात्री बाराच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं ती आणि ड्रायव्हर, दोघंच. ती दोन आठवडे काढते, मग "सासूबाईंची तब्येत बरी नाही" असं सांगून सोडते. मालकाला वाटतं, करंजाड्याच्या बायका टिकत नाहीत.

यावर पहिला उपाय बहुतेकांना सुचतो तो म्हणजे गाडीत एक महिला अटेंडंट ठेवायची. चांगला आहे, पण अर्धवट. सगळ्या उतरल्यावर ती अटेंडंट ड्रायव्हरबरोबर एकटी परत येणार ना? तुम्ही प्रश्न सोडवला नाही, फक्त दुसऱ्या बाईवर ढकलला. म्हणून सोबत्याचं काम कारखान्याच्या पगारपत्रकावर असलेल्या, तपासून घेतलेल्या सुरक्षारक्षकाला द्या. तो गेटपासून बसतो, शेवटची महिला घरात गेली की गाडीबरोबर परत येतो. मात्र तो आणि ड्रायव्हर एकाच कंत्राटदाराचे किंवा एकाच गावचे जिगरी दोस्त नसावेत. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावं म्हणून तर दोन माणसं आहेत.

दुसरा उपाय फेरी उलटवण्याचा. नवीन पनवेलच्या दोघी एकाच सोसायटीत किंवा शेजारच्या गल्लीत राहत असतील तर आधी करंजाडे करा, मग परत नवीन पनवेलला या. काही किलोमीटर जास्त पडतील. पण शेवटच्या थांब्यावर दोघी एकत्र उतरतात. नियम एका ओळीत सांगतो: शेवटचा थांबा नेहमी जोडीचा. जोडी म्हणजे एकाच नोडमधल्या दोघी नव्हेत. एक सेक्टर 5 ला आणि दुसरी सेक्टर 15 ला असेल तर ती जोडी होत नाही, कारण मधला तुकडा परत एकीला एकटीनेच काढावा लागतो.

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आहे आणि तो भरतीच्या आधीच करायचा असतो. जाहिरात टाकण्यापूर्वी दोन किंवा तीन वस्त्या निवडा. समजा रोडपाली, कामोठे आणि नवीन पनवेल. जाहिरातीतच लिहा: "या तीन ठिकाणच्या महिलांसाठी घरपोच गाडी." पत्रक तिथल्याच बचत गटात, अंगणवाडीजवळ, सोसायटीच्या फलकावर लावा. एक निवडलेली ताई तिच्याच इमारतीतली दुसरी आणू शकते का, हे तिला आवर्जून विचारा. करंजाड्याहून एकटीच आली तर तिला सांगा, "ताई, तुमच्या बाजूची अजून एक मिळाली की दोघींना एकदम घेतो. तोपर्यंत जनरल शिफ्टला जागा झाली तर आधी तुम्हाला फोन." हे सांगायला जड जातं, पण तिला दोन आठवड्यांत गमावण्यापेक्षा बरं.

गाडी आहे म्हणजे सुरक्षा आहे असं नाही

1 नोव्हेंबर 2007 ची पुण्याची घटना अनेकांना आठवत असेल. एका बीपीओत काम करणारी तरुणी नाइट शिफ्टला जायला निघाली. तिला घ्यायला कंपनीने कंत्राटावर लावलेली कॅब आली. त्या कॅबच्या चालकानेच, गाडीत बरोबर आणलेल्या मित्रासह, तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. दोघांवर न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला.

आपण यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, धोका रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून आला नाही, सुरक्षेसाठी दिलेल्या गाडीतूनच आला. दोन, गाडीत एक असा माणूस होता ज्याचं तिथे काही काम नव्हतं. म्हणून घरी सोडताना जेवढी काळजी घेता तेवढीच घरून घेतानाही घ्या. पहाटेच्या किंवा रात्रीच्या शिफ्टला पहिली चढणारी महिला एकटीच असते. तिथेही सोबत्या हवाच.

छोट्या युनिटला जमेल अशी शिस्त अशी.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची इको स्वस्तात मिळते, पण खासगी गाडी भाड्याने वापरणं परवान्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. ड्रायव्हरची पोलिस पडताळणी, लायसन्सची प्रत आणि फोटो तुमच्या फाइलला हवा. महत्त्वाचं म्हणजे बदली ड्रायव्हरचाही हवा. गाडीवाला एकाचे कागद देतो आणि दर शनिवारी त्याचा भाचा गाडी चालवतो, हे सर्रास होतं. करारात लिहून घ्या की यादीत नाव नसलेला ड्रायव्हर आला तर गाडी गेटवरून निघणार नाही. गाडीत तिसरा माणूस, मग तो मालकाचा पाहुणा का असेना, बसणार नाही.

दुसरी शिस्त निरोपाची. प्रत्येक ताई घरात गेली की ग्रुपवर "पोचले" एवढा एक शब्द टाकते. ती आत जाऊन दार लागेपर्यंत गाडी हलत नाही. सुपरवायझरची शिफ्ट 11 ला संपत नाही, आठवा "पोचले" आल्यावर संपते. ठरलेल्या वेळेनंतर 10 मिनिटांत निरोप नाही आला तर आधी तिला फोन, मग तिच्या घरी, मग सोबत्याला, आणि कुणीच उचलत नसेल तर 112. हा क्रम भिंतीवर लिहून ठेवा. रात्री सव्वाबाराला माणूस विचार करत बसू नये.

तिसरी गोष्ट गैरहजेरीची. सगळी व्यवस्था बहुतेक इथेच मोडते. नवीन पनवेलच्या जोडीतली एक आज आलीच नाही, मग शेवटच्या थांब्यावर दुसरी एकटी. म्हणून सुपरवायझरने रोज रात्री 9 ला हजेरी बघून त्या रात्रीचा उतरण्याचा क्रम नव्याने लिहायचा आणि ड्रायव्हर, सोबत्या आणि सगळ्या ताईंना दाखवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. तसंच ओव्हरटाइमचं. "दोघी जरा थांबा, एवढा लॉट संपवा" म्हणून गाडी सहा जणींना घेऊन निघाली तर त्या दोघींची परतीची गाडी कुठली? त्याचं उत्तर नसेल तर ओव्हरटाइम नाही, लॉट उद्या.

खर्च परवडतो का?

आता तुमच्या मनातला प्रश्न. खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा गाडीवाल्याने महिन्याला 36,000 रुपये सांगितले. आठ जणींवर वाटले तर दर जणीमागे 4,500, आणि 26 दिवसांनी भागलं तर दर शिफ्टला साधारण 173 रुपये. गाडीत पाचच जणी असतील तर हेच 7,200 होतात. रिकामी सीट महाग पडते, म्हणूनही वस्ती ठरवून भरती करायची.

आता गाडी नसतानाचा खर्च. रोज 550 रुपये असेल आणि नवीन बाईला हात बसायला 12 दिवस लागत असतील, त्या काळात काम निम्मंच होत असेल, तर 12 गुणिले 275 म्हणजे 3,300 रुपये तिथे जातात. कंत्राटदाराचं कमिशन 2,000 आणि जागा भरेपर्यंत बाकीच्यांचा ओव्हरटाइम 1,500 धरा. एक बाई सोडून गेली की 6,800 रुपये गेले. महिन्याला तिघी सोडत असतील तर 20,400. शिवाय तीन जागा सहा-सहा दिवस रिकाम्या राहिल्या आणि प्रत्येक रिकाम्या दिवसामागे 500 रुपयांचं मार्जिन बुडालं, तर ते 9,000. एकूण 29,400.

इथे बरेच ट्रेनर म्हणतील, "बघा, गाडी जवळजवळ फुकट पडली!" मी तसं म्हणणार नाही. गाडी दिली म्हणून गळती शून्य होत नाही. कुणाचं लग्न ठरतं, कुणी भाड्याची खोली बदलते. म्हणून गळती निम्मी होईल असं धरा. मग 14,700 वाचतात आणि 21,300 रुपये खिशातून जातात. दर जणीमागे दर शिफ्टला सुमारे 100 रुपये. हे 100 रुपये तुमच्या मालाच्या भावात बसतात का, ते आधी बघा. बसत असतील तर शिफ्ट लावा. बसत नसतील तर महिलांची सेकंड शिफ्ट लावू नका, सकाळी 7 ते 3 ची लावा. अर्धी गाडी, म्हणजे "कळंबोली सर्कलपर्यंत सोडतो", हा मधला मार्ग मात्र निवडू नका. तिथून पुढचाच रस्ता तिला नको असतो. आणि गाडीचे पैसे पगारातून कापू नका. गाडी ही शिफ्ट चालवायचा तुमचा खर्च आहे, तिला दिलेली सवलत नाही.

धोरण एका पानात, मराठीत

मोठ्या कंपनीची 30 पानी इंग्रजी पॉलिसी डाउनलोड करून फाइलला लावली तर ती कुणीच वाचत नाही. तुमचं धोरण एका पानात, मराठीत हवं आणि भरतीच्या दिवशी तिच्या हातात पडायला हवं. घरी दाखवायला तेच पान लागतं.

त्यात पहिली गोष्ट संमतीची. "मी 7 नंतर काम करायला तयार आहे" यावर सही घ्याल, पण खाली हेही लिहा की संमती कधीही मागे घेता येईल, आणि घेतली म्हणून कामावरून काढणार नाही, दिवसाच्या शिफ्टला जागा असेल तर आधी तिला देऊ. गरोदरपणात तर तिने तोंडी सांगितलं तरी पुरे. जी संमती मागे घेता येत नाही ती सही घरचे लोक करू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरी गोष्ट तक्रारीची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सांगतो की 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची, सामाजिक संस्थेतली. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आपल्यासाठी जिल्हा म्हणजे रायगड. तक्रार साधारणपणे घटनेपासून 3 महिन्यांच्या आत करायची असते.

याच कायद्यातली एक गोष्ट फार कमी मालकांना माहीत असते. मालकाने दिलेली गाडीसुद्धा 'कामाचं ठिकाण' धरली जाते. म्हणजे ड्रायव्हर रात्री आरशातून बघून काहीबाही बोलला, तर "तो आमचा माणूस नाही, गाडीवाल्याचा आहे" म्हणून हात झटकता येत नाहीत. ती तक्रार तुमच्या समितीकडे येणार.

म्हणून पानावर "तक्रार असल्यास व्यवस्थापनाशी संपर्क साधावा" असं लिहू नका. समितीतल्या दोन महिलांची नावं आणि मोबाइल नंबर लिहा. तक्रार ज्याच्याविरुद्ध असेल त्याच सुपरवायझरच्या हातातून ती पुढे जाणार असेल, तर ती कधीच येणार नाही. आणि तक्रार आली की त्याच रात्रीपासून ड्रायव्हर बदला, चौकशी नंतर होत राहील. बाईला मात्र गाडीतून किंवा शिफ्टमधून काढू नका. तसं एकदा झालं की उरलेल्या सात जणी आपापला निष्कर्ष काढतात.

काम जसं आहे तसं दाखवा

शेवटचा भाग प्रामाणिक ओळखीचा. यावर अमेरिकेत जॉन वानस नावाच्या अभ्यासकाने एक प्रयोग केला होता, तो 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या महिलांपैकी काहींना नेहमीची गोडगोड फिल्म दाखवली. काहींना खरी फिल्म दाखवली, ज्यात कामाचा कंटाळा, कडक देखरेख वगैरे होतं. दोन्ही गटांत नोकरी स्वीकारणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. पण खरी फिल्म बघून आलेल्यांच्या मनात पुढे नोकरी सोडायचे विचार कमी आले. म्हणजे खरं सांगितलं की उमेदवार पळून जातात ही भीती बरीचशी खोटी आहे.

आपल्याला फिल्म करायची गरज नाही. उमेदवाराला संध्याकाळी 6 ते 8 बोलवा. दुपारी 12 ला बोलवू नका, दुपारचा कारखाना वेगळा आणि रात्रीचा वेगळा. घरचं कुणी बरोबर येत असेल तर येऊ द्या. नवरा, सासूबाई, भाऊ, कुणीही. त्यांना चार गोष्टी दाखवा.

पहिली, जागा. जिथे उभं राहायचं तिथे तिला अर्धा तास उभं राहू द्या. तळोज्यात वारा फिरला की शेजारच्या केमिकल कंपनीचा वास येतो, मे महिन्यात पत्र्याखाली गरम होतं, टेपगनने पहिले आठ दिवस मनगट दुखतं. हे तोंडाने सांगा. तिला काम करायला लावलंत तर त्या दिवसाची मजुरी द्या. नुसतं बघणं वेगळं, काम वेगळं.

दुसरी, स्वच्छतागृह. आत दिवा आहे का, कडी लागते का, पाणी आहे का, हे ती स्वतः जाऊन बघेल. ते लायनीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर आधी ते दुरुस्त करा, मग भरती करा.

तिसरी, हातात येणारा पगार. रोज 550 म्हणजे 26 दिवसांचे 14,300. पूर्ण रकमेवर पीएफ 12 टक्के धरला तर 1,716 आणि ईएसआय 0.75 टक्के म्हणजे 108 कापून 12,476 हातात. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेही सांगा. "चौदा-साडेचौदा मिळतील" असं सांगून पहिल्या महिन्याला 12,476 जमा झाले, तर तिच्या दृष्टीने तुम्ही खोटं बोललात.

चौथी, गाडी. रात्रीच्या फेरीत घरचं माणूस बरोबर घेऊन तिला एकदा बसवा, किंवा निदान ड्रायव्हर आणि सोबत्याची ओळख करून द्या आणि उतरण्याचा क्रम लिहिलेला कागद द्या. सध्या काम करणाऱ्या एका ताईशी तिला दहा मिनिटं एकटीला बोलू द्या. तुम्ही तिथे थांबू नका. तुम्ही उभे असाल तर "सगळं चांगलं आहे सर" याशिवाय काही ऐकू येणार नाही.

यानंतर दहातल्या तिघी-चौघी नाही म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. त्या एरवी 12 दिवस शिकून, तुमचे 6,800 रुपये घालवून मग नाही म्हणाल्या असत्या.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

महिला सहसा थेट तक्रार करत नाहीत, आधी त्यांचं वागणं बदलतं. एखादी ताई अचानक स्वतःच्या स्कूटीने यायला लागली किंवा नवरा रोज 11 ला गेटवर दिसायला लागला, तर गाडीत काहीतरी घडलंय. एकाच थांब्यावरच्या दोघी पाठोपाठ सोडून गेल्या, तर कारण पगार नाही, त्या थांब्याचा क्रम आहे. "पोचले"चे निरोप गाडीतूनच, सगळ्यांचे एकाच मिनिटाला यायला लागले, तर शिस्त नावापुरती उरलीय. सोडून जाणाऱ्या बाईला कारण विचारायचं ते सुपरवायझरने नाही, समितीतल्या ताईने, आणि तिचा हिशेब पूर्ण चुकता केल्यावर. पैसे अडकलेले असताना कुणी खरं सांगत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. तुमचं गेट काढा. सध्याच्या किंवा हव्या असलेल्या प्रत्येक महिलेचा थांबा काढा आणि उतरण्याचा क्रम लिहा. मग प्रत्येक दोन थांब्यांच्या मधल्या रेषेवर त्या वेळी गाडीत किती महिला उरतात तो आकडा लिहा. जिथे 1 आला ती रेषा लाल करा. एकही लाल रेषा उरली नाही, मगच जाहिरात टाका. तो कागदच जाहिरातीबरोबर द्या, म्हणजे ती घरी विचारायला जाईल तेव्हा उत्तर तिच्या हातात असेल.

पुढच्या भागात कंत्राटदाराकडून माणसं घेताना पीएफ-ईएसआयची चलनं कशी तपासायची ते बघू. तोपर्यंत कागद काढून ठेवा.